डाव्या कडेला एक

शून्यकाकांना कशाकशाची भीती वाटायची याची यादी करायला बसलं तर वही पुरणार नाही. प्राचार्यबाईंच्या टेबलावरच्या घंटेची वाटायची, ऑफिसातून येणाऱ्या कुठल्याही कागदाची वाटायची, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची तर इतकी, की परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून त्यांचं जेवण कमी व्हायचं. भीती वाटत नव्हती ती फक्त विजेची. "वीज खोटं बोलत नाही," असं म्हणत ते उघड्या तारा फळ्यावरची धूळ पुसावी इतक्या सहज हाताळायचे. "माणसाचं मी सांगू शकत नाही."

ते आमच्या ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे अटेंडंट. तीस वर्षं त्याच खोलीत. लांबट खोली, चार मोठी टेबलं, भिंतीला काचेची कपाटं, आणि दारामागे एक उंच स्टूल, त्यावर ते क्वचितच बसायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल कुठेतरी. मुलांनी त्यांना शून्यकाका केलं होतं, कारण कुठलंही उपकरण हातात दिलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "आधी शून्य बघा." व्हर्निअर मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघा, मीटरची सुई काही न जोडता शून्यावर आहे का बघा, मग मोजा. पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. त्यांना ते माहीत होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

मला त्यांनी घाईबाई नाव ठेवलं होतं. त्याला कारण होतं. मी प्रयोग सुरू व्हायच्या आत निष्कर्ष लिहून ठेवणाऱ्यांतली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं. आजही माझ्यात फार सुधारणा झालेली नाही, एवढंच की आता मला मागे खेचणारं वाक्य पाठ आहे. ते वाक्य मी कुठे शिकले तेच सांगायचंय.

बारावीच्या प्रकल्पाला मी विषय घेतला होता पवनचक्कीच्या पात्यांचा. वेगवेगळ्या आकाराची पाती करायची, ती एका छोट्या मोटरच्या दांड्यावर बसवायची, समोरून टेबलफॅनचा वारा सोडायचा, आणि मोटर उलटी जनित्रासारखी फिरून किती व्होल्टेज देते ते मल्टीमीटरवर वाचायचं. ज्या आकाराला जास्त व्होल्टेज, तो आकार जास्त वेगाने फिरला. ऐकायला सोपं आहे. जोडीला एक मैत्रीण होती, ती सुवाच्य अक्षरात अहवाल लिहायची. हात काळे करायचं काम माझं.

मी बाजारातून खेळण्यातली मोटर आणली. काकांनी ती दोन बोटांत फिरवली आणि परत दिली.

"ही वेडी आहे. हजारो फेऱ्या मारल्याशिवाय व्होल्टभरसुद्धा देणार नाही. थांब."

कपाटाच्या तळातून त्यांनी पत्र्याचा डबा काढला. त्यात न बघता हात घालून, नुसतं चाचपून, एक चपटी मोटर बाहेर काढली. जुन्या टेपरेकॉर्डरची. तिच्या आतलं वेग आवरणारं सर्किट त्यांनीच कधीतरी काढून टाकलेलं होतं. "ही सावकाश फिरते आणि जास्त देते. आपल्याला अशीच पाहिजे," ते म्हणाले. 'आपल्याला' म्हणाले. तेव्हापासून तो प्रकल्प दोघांचा झाला.

न बघता हात घातला हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं. तीस वर्षांचा सराव, असं मी मनात म्हटलं.

मग एका दुपारी मी मधल्या सुट्टीत ग्लू गन शोधायला लॅबमध्ये शिरले, तर काका तराजूच्या कपाटामागे मान वर करून उभे. हातात इवलीशी बाटली. डोळ्यांत थेंब घालत होते. मला बघून, म्हणजे माझी चाहूल लागून, त्यांच्या हातातून झाकण पडलं. ते माझ्याच पायाशी पडलं होतं, पांढरंशुभ्र, आणि काका खाली बसून ते भलतीकडेच चाचपत राहिले. मी उचलून हातात दिलं.

"पाणी येतं जरा डोळ्यांना," ते म्हणाले.

माझ्या आत्याला काचबिंदू होता, ती बाटली मी ओळखत होते.

"डावा गेला," झाकण लावत ते म्हणाले. "उजव्यातनं किल्लीच्या भोकातनं बघितल्यासारखं दिसतं. मोठं दिसतं. बारीक नाही दिसत. कोणाला सांगू नकोस."

"काकूंना?"

"कोणाला म्हणजे कोणालाच."

चौदा महिने राहिले होते त्यांच्या निवृत्तीला. ऑफिसला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबमधून काढून फाटकाजवळ बसवतील, नाहीतर घरी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. "या खोलीत मला सगळे विचारतात," ते म्हणाले. "खोलीबाहेर मला कोण विचारतंय, पोरी? घरी तर रेडिओ मोठा केला तरी बायको ओरडते." हसायचा प्रयत्न केला त्यांनी, आणि बाटली खिशात टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यांची मूठ मी पाहिली होती, आणि आता ती मलाही धरून ठेवायची होती.

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. आखून-ठरवून नाही, आपोआप. व्होल्टमीटरची सुई, स्क्रूगेजवरच्या रेघा, बाटल्यांवरची लेबलं. काका मोठ्याने, परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे, "सांग बघू, किती आलं?" आणि मी वाचायचे. वर्गाला वाटायचं काका माझी उजळणी घेताहेत. काहींना मी त्यांची चमची वाटायचे. मला मात्र सारखी धाकधूक असायची. कोणी अचानक त्यांच्या हातात थर्मामीटर दिला की मी तो हिसकावूनच घ्यायचे. सरांनी "काका, हे जरा वाचा" म्हटलं की मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत यायचे आणि काहीतरी निमित्त काढून आकडा ओरडून सांगायचे. सतरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचं गुपित सांभाळायला दिलं तर ती झोपेतसुद्धा दचकते, हे मी तेव्हा शिकले.

आता प्रयोगाचा दिवस. परीक्षेला दहा दिवस राहिले होते.

लाकडी स्टँडवर मोटर. तिच्या दांड्यावर रबरी बूच, बुचाला तीन खाचा, खाचांत तीन पाती, ग्लू गनने चिकटवलेली. समोर एक मीटरवर टेबलफॅन. काकांनी खडूने जमिनीवर आणि टेबलावर एक लांब रेघ ओढली होती, पाती ज्या चकतीत फिरतात ती चकती दोन्ही बाजूंना वाढवली तर जिथून जाईल तिथून. "पातं सुटलं तर याच रेघेत सुटणार," ते म्हणाले. "समोर उभी राहा, मागे उभी राहा, या रेघेवर नाही." पण मल्टीमीटरच्या तारा वीतभरच लांब होत्या, त्यामुळे मीटर स्टँडच्या बाजूला, नेमका रेघेवर. काकांनी दोनदा सांगितलं होतं की लांब तारा जोडून मीटर पंख्यामागे घे. मी म्हटलं होतं, करते नंतर.

आधी शून्य बघितलं. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. "शून्य," मी वाचलं. नॉब दोन हजार मिलिव्होल्टच्या खुणेवर होता.

पहिली सपाट, आयताकृती पाती. पंख्याच्या पहिल्या वेगाला सहाशे बारा. दुसऱ्याला आठशे चाळीस. तिसऱ्याला हजार पंधरा. मी वाचायचे, मैत्रीण लिहायची, काका डोळे मिटून ऐकायचे. मग टोकाकडे निमुळती होत जाणारी पाती. सातशे पाच, नऊशे साठ, अकराशे ऐंशी. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. त्यानंतर प्लास्टिकच्या पाइपमधून कापलेली, आडवा बाक असलेली आणि थोडा पीळ दिलेली पाती. माझी लाडकी. चौदाशे नव्वद. अठराशे सत्तर. मैत्रिणीने टाळी वाजवली. मी पंखा तिसऱ्या वेगावर टाकला.

मीटरवरचे आकडे गेले आणि उरला फक्त एक.

"किती आलं?" काकांनी विचारलं.

"एक."

"एक काय?"

"एक म्हणजे एक. एक मिलिव्होल्ट."

काकांच्या कपाळाला आठी पडली. आता हे सांगायला हवं, की असे स्वस्तातले मल्टीमीटर त्यांच्या आवाक्याबाहेरचं व्होल्टेज आलं की डाव्या कडेला नुसता एक दाखवतात आणि बाकीची जागा कोरी सोडतात. तो आकडा नसतो. 'माझ्यात मावत नाही, नॉब वर घ्या' एवढंच मीटर सांगत असतो. दोन हजार मिलिव्होल्ट म्हणजे दोन व्होल्ट, आणि आमची पाती दोन व्होल्टच्या वर गेली होती. हे काकांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण तोवर माझं काही दोन हजाराच्या वर गेलंच नव्हतं. त्यांनी तो एक बघितला असता, कुठे बसलाय ते बघितलं असतं, तर एका सेकंदात काम झालं असतं. पण ते बघू शकत नव्हते. त्यांना फक्त ऐकू येत होतं, आणि मी त्यांना एक एवढंच ऐकवलं.

"आवाज तर वाढलाय," ते पुटपुटले. "आवाज वाढला आणि मीटर खाली? नीट बघ, पोरी."

"नीटच बघितलंय! एक म्हणजे एक. तार सैल असेल."

मी क्लिपा दाबल्या. एक. मोटर हलवून बघितली. एक. मला राग यायला लागला होता, माझ्या लाडक्या पात्यांनी तोंडावर आपटावं याचा. तेवढ्यात दारात सर आले. आमचे फिजिक्सचे सर वाईट नव्हते, पण त्यांना नेहमी दुसरीकडे कुठेतरी जायचं असायचं.

"काय झालं?"

"सर, या पात्यांचं व्होल्टेज एकदम पडलं," मी म्हटलं.

"काका, तुम्ही बघा जरा मीटर," सर म्हणाले.

मी तोंड उघडणार, पण सर माझ्याकडेच बघत होते. काका पुढे आले. रेघेवर आले, मीटरपाशी वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मी त्यांच्या मानेवरचा घाम बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, सर, तुम्हीच बघा. आता म्हणतील. त्यांनी मान हलवली.

"हो, एकच आहे," ते म्हणाले.

"मग वारा कमी पडत असेल. पंखा जवळ घ्या," सर म्हणाले आणि गेले.

त्यांच्या पायांचा आवाज जिन्यावर उतरेपर्यंत काका तसेच वाकून उभे होते. तोंडाला रंग नव्हता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पंखा उचलून अर्ध्या मीटर अंतरावर ठेवला. मीटरवर एक. पाती आता दिसतच नव्हती, नुसतं एक करडं वर्तुळ, आणि त्यातून एक बारीक शीळ चढत चालली होती. मोटरला काही जोडलेलं नव्हतं, तिला अडवायला काही नव्हतंच. जेवढा वारा मिळेल तेवढी ती पळत होती. स्टँडचे पाय टेबलावर थडथडायला लागले.

"घाईबाई, थांब," काका म्हणाले. "आवाज बरा नाही."

"एक मिनिट, काका."

"अगं थांब म्हणतो ना!"

त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. पण मी पंखा वीतभर अंतरावर सरकवला होता, आणि मीटर वाचायला त्या रेघेवर वाकले होते. त्यांचे डोळे मीच होते ना.

टक्क असा आवाज आला. एवढाच. मग माझ्या कपाळावर कोणीतरी पट्टी मारावी तसं काहीतरी आपटलं. दोन पाती उरलेली चक्की वेडीवाकडी हिसके खात स्टँडसकट टेबलावरून चालत गेली आणि खाली कोसळली. मैत्रीण किंचाळत होती. मला उबदार काहीतरी डोळ्यांत भरल्यासारखं वाटलं. मी डोळे उघडले आणि सगळं लाल, मग काळं.

"मला दिसत नाही!" मी ओरडले. "काका, मला दिसत नाही!"

मला भीतीबद्दल फार काही कळतं असं नाही, पण त्या अर्ध्या मिनिटाइतकी भीती मला नंतर कधीच वाटली नाही. माझा डोळा गेला, माझा डोळा गेला, एवढंच डोक्यात. कोणीतरी माझं डोकं घट्ट छातीशी धरलं होतं आणि ज्याने धरलं होतं तो माझ्यापेक्षा जास्त कापत होता. "रक्त आहे, पोरी, नुसतं रक्त आहे, पुसतो, थांब," काका म्हणत होते आणि रुमालाने माझं कपाळ सोडून गालच पुसत होते. त्यांना जखम दिसतच नव्हती. शेवटी मैत्रिणीने रुमाल घेतला. भुवईच्या वर अर्ध्या बोटाची चीर होती. डोळा शाबूत होता. डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, आईने मात्र घरी येऊन ते रोज पूर्ण केलं.

दोन दिवसांनी आम्हाला प्राचार्यबाईंच्या खोलीत बोलावलं. मी, आई, सर आणि काका. टेबलावर तुटलेलं पातं ठेवलं होतं, पुराव्यासारखं. त्याच्या बुडाला सुटून आलेला गोंदाचा गोळा तसाच होता.

सरांचीही पाचावर धारण बसलेली होती, हे आता समजतं. तेव्हा मला ते फक्त चिडलेले दिसले. "पंखा जवळ घ्या म्हणालो, चिकटवा नाही म्हणालो," ते म्हणाले. "आणि मीटर मी काकांना बघायला सांगितलं होतं. तीस वर्षांचा माणूस. त्यांनी स्वतः वाकून बघितलं, एकच आहे म्हणाले. मग मुलीनेच काहीतरी खोडसाळपणा केला असणार. नॉब फिरवला असेल, तार काढली असेल. अशा मुलीला परीक्षेत उपकरणांना हात लावू देणं धोक्याचं आहे."

"म्हणजे प्रॅक्टिकलला बसू द्यायचं नाही?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

आईने माझा हात धरला. प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, सरळ, खरं, सहा-सात शब्दांचं. मी काकांकडे बघितलं. ते दाराजवळ उभे होते, आणि प्राचार्यबाईंच्या घंटेकडे तोंड करून. मला खात्री आहे, घंटाही त्यांना दिसत नसणार. मी वाक्य गिळलं. चांगुलपणाने नाही हो. मला शब्दच फुटेनात.

"मुलीने काही केलेलं नाही," काका म्हणाले.

"मग मीटर एक का दाखवत होता? तुम्ही बघितलंत ना?"

"मी वाकलो. बघितलं नाही."

"म्हणजे?"

"मला दिसत नाही, मॅडम."

काकांनी खिशातून ती छोटी बाटली काढली आणि टेबलाच्या कडेला ठेवली, चाचपून, पडू नये म्हणून जरा आत सरकवून. "वर्ष झालं. हिला माहीत होतं, मीच शपथ घातली होती. तिने वाचलं ते बरोबर वाचलं. एकच होता. पण तो एक कुठे होता ते मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं असतं तर कळलं असतं की मला दिसत नाही. म्हणून नाही विचारलं." मग थांबून म्हणाले, "कानाला कळलं होतं मला. आवाजावरनं. तरी बोललो एकच आहे."

प्राचार्यबाईंनी बाटली उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं.

ठरलं ते असं. मी प्रॅक्टिकलला बसणार. पात्यांना नट-बोल्ट, मीटरला लांब तारा, आणि सर पूर्णवेळ खोलीत. काकांनी महिनाअखेर लॅब सोडायची, उरलेले महिने वैद्यकीय रजा. संध्याकाळी मी आईबरोबर त्यांच्या घरी गेले. मला वाटलं काकूंना धक्का बसलेला असेल. काकू म्हणाल्या, "मला वर्षापासून माहीत आहे. ताट रोज त्याच जागी, पाण्याचा पेला उजवीकडेच, चपला उंबऱ्याला लावून. हे काय मी उगाच करत होते? त्यांना वाटत होतं मला कळत नाही, म्हणून मीही कळू दिलं नाही." काका बाजूला बसून ऐकत होते. "रेडिओवरनं मग का ओरडतेस?" त्यांनी विचारलं. "मोठा असतो म्हणून ओरडते," काकू म्हणाल्या.

परीक्षेचा दिवस हा काकांचा लॅबमधला शेवटचा दिवस होता. नवा अटेंडंट उपकरणं मांडत होता. काका दारामागच्या उंच स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेरचे परीक्षक आले, जाड भुवयांचे, कमी बोलणारे. माझ्या कपाळावर पट्टी होती. मी पंखा एक मीटरवर ठेवला, बाकदार पाती बोल्टने आवळली, लांब तारा ओढून मीटर पंख्यामागे, रेघेपासून चार पावलं दूर ठेवला. तरी पंख्याचं बटण दाबताना बोट मागे येत होतं. शीळ ऐकू यायला लागली तशी टाक्यांची जागा ठणकायला लागली.

"या मीटरवरून वीज किती मिळाली ते कळतं का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. काही जोडलेलं नाहीये, म्हणून यावरून फक्त फिरण्याचा वेग कळतो. वीज किती ते बघायचं तर रोध जोडून करंटही मोजावा लागेल."

त्यांनी हुंकार दिला, पंखा तिसऱ्या वेगावर नेला, आणि माझ्या देखत हात पुढे करून मीटरचा नॉब खाली, दोन हजार मिलिव्होल्टवर आणला. मुद्दाम. कोणीतरी त्यांना सांगितलेलं असणार.

"वाचा."

मी मीटरकडे बघितलं आणि माझी वाचाच बसली. सगळं तेच होतं, तोच आवाज, तीच शीळ. मला वाटलं मी आत्ता बोलले की काहीतरी सुटून येणार. सर अस्वस्थ होऊन घड्याळ बघायला लागले.

"घाईबाई," दारामागून काकांचा आवाज आला. परीक्षकांची जन्मभर भीती बाळगलेला माणूस परीक्षकांसमोर बोलत होता. "भ्यायलीस?"

"हो."

"मीपण. हरकत नाही. किती आलं ते सांगू नकोस. मला दिसत नाही, काय दिसतंय ते सांग."

सर काहीतरी म्हणायला निघाले, परीक्षकांनी हाताने त्यांना थांबवलं.

"एक," मी म्हटलं. "डाव्या कडेला. अगदी कडेला. त्याच्यापुढे सगळं कोरं."

काका स्टुलावरून खाली उतरले, भिंतीला हात लावून, आणि माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "मग त्याच्यात मावत नाहीये, पोरी. वर जा."

मी नॉब वर घेतला. "दोन पूर्णांक एकतीस," मी वाचलं, आणि कोणी सांगायच्या आत पुन्हा एकदा वाचलं.